बाकीचा रकाना हाताने भरू नका: शाळेची फी, हजेरी आणि पालकांचे निरोप एका धाग्यात बांधताना

एका शाळेच्या कार्यालयात मी बसलो होतो. एक आई आल्या, पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट जपलेली पावती काढली आणि टेबलावर ठेवली. आदल्या संध्याकाळी त्यांना फी थकल्याचा निरोप गेला होता. पावती खरी होती, शिक्का खरा होता, सही त्याच टेबलावरच्या बाईंची होती. संगणकावरच्या यादीत मात्र त्या मुलीपुढे पूर्ण बाकी दिसत होती. पाऊण तास शोधल्यावर कळलं की पैसे त्याच नावाच्या दुसऱ्या वर्गातल्या मुलीच्या ओळीत जमा झाले होते, आणि तिच्या बाकीचा आकडा खोडून नवा लिहिलेला असल्यामुळे आधी काय होतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. त्या आई वाद न घालता निघून गेल्या, पण जाताना त्यांचा चेहरा उतरलेला होता.

अशा घटनेनंतर शाळा सहसा सॉफ्टवेअर विकत घ्यायला निघतात. माझं म्हणणं वेगळं आहे. आधी नोंद ठेवायची रीत दुरुस्त करा, ती साध्या स्प्रेडशीटमध्ये तीन-चार महिने चालवून बघा, मग हवं तर सॉफ्टवेअर घ्या. रीत चुकीची असेल तर महागड्या सॉफ्टवेअरमध्येही तोच गोंधळ उतरतो, आणि तिथे तो शोधायला जास्त अवघड जातो. पुढे जे सांगतो आहे ते काही शे विद्यार्थ्यांच्या शाळेला पुरेसं आहे. सूत्रं गुगल शीट्स आणि एक्सेल दोन्हीत चालतात. जिथे फरक आहे तिथे तसं लिहिलं आहे.

सुरुवात क्रमांकापासून

प्रत्येक विद्यार्थ्याला एक कायमचा क्रमांक द्या. हजेरी क्रमांक इथे चालत नाही, कारण तो दरवर्षी बदलतो. वर्ग आणि तुकडी क्रमांकात गुंफू नका, कारण मूल पुढच्या वर्गात गेलं की क्रमांक खोटा ठरतो. शाळा सोडून गेलेल्याचा क्रमांक दुसऱ्याला कधीच देऊ नका, नाहीतर जुनी बाकी नव्या मुलाच्या माथी बसते.

क्रमांकाचं रूप `S0417` असं ठेवा, म्हणजे पुढे एक अक्षर आणि मागे ठरलेले चार अंक. अक्षर अशासाठी की नुसतं 0417 टाइप केलं की स्प्रेडशीट पुढचं शून्य गिळून टाकते आणि 417 उरतं. अंकांची संख्या ठरलेली अशासाठी की पुढे हजेरीत आपण मजकुराच्या आत हा क्रमांक शोधणार आहोत. तिथे `S41` शोधताना `S417` सुद्धा सापडला तर एकाची गैरहजेरी दुसऱ्याच्या खात्यात जाते.

ही मूळ यादी स्वतंत्र फाइलमध्ये ठेवा. तिच्या `Students` या पानावर पाच रकाने पुरतात: A मध्ये क्रमांक, B मध्ये नाव, C मध्ये वर्ग, D मध्ये दाखल दिनांक, E मध्ये स्थिती (चालू किंवा सोडून गेला). फीची फाइल वेगळी, हजेरीची वेगळी. दोन्ही फाइली नावं याच यादीतून घेतील. गुगल शीट्समध्ये त्यासाठी `IMPORTRANGE` वापरता येतं. एकाच फाइलमध्ये सगळं ठेवून फीचं पान लपवलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. लपवलेलं पान ज्याच्याकडे फाइल आहे तो उघडू शकतो. कोणाची किती फी थकली आहे हे वर्गशिक्षकांना दिसायचं कारण नाही, म्हणून फाइलच वेगळी हवी.

फी: दोन पानं, आणि तिसऱ्यावर फक्त हिशोब

जुन्या वहीत बहुधा विद्यार्थ्यापुढे 'एकूण', 'भरले', 'बाकी' असे रकाने असतात आणि पैसे आले की शेवटचे दोन आकडे बदलले जातात. दुखणं नेमकं इथे आहे. आकडा बदलला की आधीचा पुसला जातो, आणि बाकी का तेवढी आहे याचं उत्तर कायमचं हरवतं.

त्याऐवजी फीच्या फाइलमध्ये दोन पानं करा. `Charges` या पानावर शाळेने आकारलेली प्रत्येक रक्कम एका ओळीत येते: A तारीख, B विद्यार्थी क्रमांक, C बाब, D देय तारीख, E रक्कम, F शेरा. `Receipts` या पानावर आलेला प्रत्येक पैसा एका ओळीत येतो: A पावती क्रमांक, B तारीख, C विद्यार्थी क्रमांक, D रक्कम, E प्रकार (रोख, चेक, ऑनलाइन), F बँकेचा व्यवहार क्रमांक, G घेणाऱ्याचं नाव, H शेरा.

या दोन पानांचा नियम एकच, तो टेबलावर चिकटवून ठेवण्याजोगा: ओळ वाढवायची, जुनी ओळ बदलायची नाही, पुसायची नाही. चूक झाली तर तेवढीच रक्कम वजा करणारी नवी ओळ टाकायची आणि मग बरोबर ओळ टाकायची. खतावणी लिहिणारे जुने लोक हेच करत होते.

फीच्या फाइलमधल्या `Students` पानावर F रकान्यात एकूण बाकी येते:

```
=SUMIFS(Charges!E:E, Charges!B:B, A2) - SUMIFS(Receipts!D:D, Receipts!C:C, A2)
```

आणि G मध्ये आजच्या तारखेपर्यंत खरोखर थकलेली रक्कम:

```
=SUMIFS(Charges!E:E, Charges!B:B, A2, Charges!D:D, "<="&TODAY()) - SUMIFS(Receipts!D:D, Receipts!C:C, A2)
```

G चा आकडा ऋण आला तर पालकांनी आगाऊ भरलं आहे असं समजा. F आणि G या रकान्यांत कुणीही हाताने काही लिहायचं नाही. ते कुलूपबंद करून टाका. दोन्ही प्रोग्रॅममध्ये ठरावीक सेलना संरक्षण देण्याची सोय आहे.

एक खातं पूर्ण करून बघू

समजा `S0417` या विद्यार्थ्याची वर्षाची फी २४,००० आहे, ८,००० च्या तीन हप्त्यांत. धाकटं भावंडही याच शाळेत असल्यामुळे प्रत्येक हप्त्यात ८०० ची सवलत आहे. पहिल्या सत्रापुरती बस लावली आहे, तिचे ३,०००, पहिल्या हप्त्यासोबत देय.

`Charges` वर सात ओळी येतील. ८,००० च्या तीन, वजा ८०० च्या तीन, आणि बसची एक. सवलत आकारणीच्या पानावर ऋण रकमेने लिहायची, पावत्यांच्या पानावर कधीच नाही; नाहीतर प्रत्यक्षात न आलेले पैसे जमेत दिसतात आणि दिवसअखेरीस पेटीशी मेळ बसत नाही. शिवाय सवलतीची देय तारीख त्या-त्या हप्त्याचीच ठेवा. ती रिकामी राहिली तर G चं सूत्र सवलत धरत नाही आणि पालकांकडे ८०० जास्त मागितले जातात. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की नवी फाइल हाती आली की आधी रिकाम्या देय तारखा शोधतो.

आता वर्षाची एकूण आकारणी २४,६०० होते आणि पहिल्या हप्त्याला देय १०,२००. पालकांनी आधी ५,००० रोख दिले, पावती ११८२. नंतर ५,२०० ऑनलाइन पाठवले, पावती १२२९. पहिला हप्ता चुकता झाला. दुसऱ्या हप्त्याला त्यांनी ७,२०० चा चेक दिला, पावती १४६७. आठवड्याने बँकेने चेक परत केला.

खरी परीक्षा इथे आहे. जुन्या वहीत बाई ७,२०० खोडतील, किंवा पावती फाडून टाकतील, आणि महिन्याभराने पालक पावतीची मूळ प्रत घेऊन येतील तेव्हा सांगायला काही उरणार नाही. आपल्या रीतीत `Receipts` वर नवी ओळ पडते: पावती १५०३, रक्कम वजा ७,२००, शेरा 'पावती १४६७ चा चेक वटला नाही'. बँकेने शाळेकडून ३०० कापले आणि शाळेच्या नियमानुसार ते पालकांनी द्यायचे असतील, तर `Charges` वर ३०० ची ओळ, देय तारीख आजची.

हिशोब मांडा. आजपर्यंत देय झालेली आकारणी: पहिला हप्ता १०,२००, दुसरा ७,२००, बँकेचे ३००, मिळून १७,७००. जमा: ५,००० आणि ५,२०० आणि ७,२०० आणि वजा ७,२००, मिळून १०,२००. थकलेली रक्कम ७,५००. एकूण बाकी १४,७००, कारण तिसऱ्या हप्त्याचे ७,२०० अजून देय व्हायचे आहेत. पालकांना जाणाऱ्या निरोपात ७,५०० हाच आकडा हवा. १४,७०० चा निरोप गेला तर पालक चिडून येतात, आणि त्यांचं चिडणं रास्त असतं.

ते आले तर बाईंनी `Charges` आणि `Receipts` या दोन्ही पानांवर `S0417` ची चाळणी लावायची. सगळा इतिहास तारखेनिशी समोर येतो आणि बोलणं पाच मिनिटांत संपतं.

जुन्या वहीतून नव्यात येताना

मागच्या वर्षांच्या पावत्या टाइप करत बसू नका. एक दिवस ठरवा, त्या दिवशीची प्रत्येकाची बाकी `Charges` वर 'मागील बाकी' अशा एका ओळीत आणा, आणि आगाऊ असेल तर तीच ओळ ऋण रकमेने. मग दोन गोष्टी तपासा. सगळ्या 'मागील बाकी' ओळींची बेरीज जुन्या वहीतल्या बेरजेइतकी आली पाहिजे. आणि पहिली आठवण पाठवण्यापूर्वी प्रत्येक पालकाला 'आमच्या नोंदीप्रमाणे बाकी इतकी आहे, फरक असल्यास पावती दाखवावी' असा एक निरोप जाऊ द्या, दोन आठवड्यांची मुदत देऊन. यात जे फरक निघतील ते आधीपासूनचेच असतात. आपण ते पैसे मागण्याआधी काढून घेतो, एवढंच. सुरुवातीला सांगितलेल्या त्या आईंना हा निरोप आधी गेला असता तर त्यांना थकबाकीदार म्हणून यावं लागलं नसतं.

दिवस बंद करताना

रोज शेवटी पेटीतली रोकड मोजा आणि या आकड्याशी ताडून पाहा:

```
=SUMIFS(Receipts!D:D, Receipts!B:B, TODAY(), Receipts!E:E, "रोख")
```

जुळलं नाही तर कार्यालय बंद करण्यापूर्वी शोधा. एका दिवसाच्या वीस-पंचवीस पावत्यांत चूक सापडते, महिन्याच्या पाचशेत सापडत नाही. हे सूत्र शून्य दाखवत असेल आणि पावत्या तर फाडल्या असतील, तर बहुधा तारखेच्या सेलमध्ये वेळही घुसली आहे. तारीख टाकायला `Ctrl+;` वापरा, त्यात फक्त तारीख येते.

पावती क्रमांकांत खाडा पडला का ते दुसरं सूत्र सांगतं:

```
=MAX(Receipts!A:A) - MIN(Receipts!A:A) + 1 - COUNT(Receipts!A:A)
```

उत्तर शून्य हवं. एक आलं तर एक पावती फाडली आहे पण नोंदलेली नाही. या सूत्राची एक मर्यादा लक्षात ठेवा. एक क्रमांक दोनदा पडला आणि एक गळला तरी उत्तर शून्यच येतं. म्हणून A रकान्याला, A2 पासून खाली, डेटा व्हॅलिडेशनमध्ये `=COUNTIF(A:A,A2)=1` ही अट लावा, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा लिहिताच सूचना येईल. C रकान्यात विद्यार्थी क्रमांक यादीतूनच निवडायची अट घाला आणि शेजारच्या मोकळ्या रकान्यात नाव व वर्ग आपोआप दिसू द्या. पावती देण्यापूर्वी बाईंनी ते नाव मोठ्याने वाचायचं. एकाच नावाच्या दोन मुलींची गफलत तिथेच पकडली जाते.

ऑनलाइन आलेल्या पैशांचा एक वेगळा त्रास असतो. बँकेत रक्कम दिसते, पण कोणाची ते कळत नाही. पाठवणारा मामा असतो किंवा खातं दुकानाच्या नावावर असतं. असे पैसे बाजूला कागदावर लिहून ठेवू नका. यादीत `S9999` 'ओळख पटायची आहे' असं एक नाव ठेवा, पैसे त्याच दिवशी त्यावर जमा करा, आणि पालक कळले की `S9999` वर वजा आणि खऱ्या क्रमांकावर अधिक अशा दोन ओळी टाका. बँकेचा आणि तुमचा आकडा रोज जुळत राहतो. `S9999` ची जमा वाढत चालली असेल, तर फीची आठवण पाठवणं थांबवा, कारण ज्यांनी भरले आहेत अशांनाच ती जाणार आहे.

हजेरी: गैरहजर लिहा, पण 'घेतली' हेही लिहा

चाळीस मुलांच्या वर्गात रोज तीन-चार गैरहजर असतात. त्यामुळे फक्त गैरहजर नोंदवणं शिक्षकांना सोपं जातं, आणि तेच ठेवावं. त्यात एक खड्डा मात्र आहे. ज्या वर्गाने हजेरी पाठवलीच नाही, त्या वर्गात सगळे हजर दिसतात. एखादं मूल घरून निघालं आणि शाळेत पोचलंच नाही, अशा दिवशी हा खड्डा फार महागात पडू शकतो. म्हणून हजेरी घेतली गेली याचीच स्वतंत्र नोंद हवी.

गुगल फॉर्ममध्ये हे असं जमतं. पहिला प्रश्न तारखेचा, दुसरा वर्गाचा. वर्ग निवडला की त्या वर्गाचा विभाग उघडतो आणि त्यात मुलांची चौकटींची यादी येते, प्रत्येक नाव `S0417` सारख्या क्रमांकाने सुरू होणारं. यादीत सर्वात वर 'सर्व हजर' हा पर्याय, आणि प्रश्न सक्तीचा. आता काहीच न निवडता फॉर्म पाठवता येत नाही. हा फॉर्म फक्त शाळेच्या खात्यांनाच उघडेल असं सेटिंग ठेवा.

उत्तरं ज्या पानावर जमतात त्याला `Form` नाव द्या. तिथे A मध्ये पाठवल्याची वेळ, B मध्ये तारीख, C मध्ये वर्ग, आणि D पासून पुढे त्या-त्या वर्गाचे गैरहजर, एका सेलमध्ये स्वल्पविरामाने जोडलेले. दुसऱ्या एका पानावर A रकान्यात सगळे वर्ग लिहा आणि शेजारी हे सूत्र ठेवा:

```
=COUNTIFS(Form!B:B, TODAY(), Form!C:C, A2)
```

एक म्हणजे हजेरी आली. शून्य म्हणजे आली नाही, शिपाईमामांना त्या वर्गावर पाठवा. दोन म्हणजे शिक्षकांनी चुकून दोनदा पाठवली. कोणती खरी ते विचारून चुकीची ओळ 'रद्द' नावाच्या पानावर हलवा, नाहीतर त्या मुलांची गैरहजेरी दुप्पट मोजली जाईल. पहिल्या तासानंतर अर्ध्या तासात हा सगळा रकाना एकने भरलेला हवा. या एका रकान्यावर मुख्याध्यापकांनी रोज नजर टाकली तरी पुष्कळ झालं.

टक्केवारी काढताना छेदात वर्षाचे सगळे कामाचे दिवस धरू नका. मध्येच दाखल झालेल्या मुलाची टक्केवारी त्यामुळे उगाच खाली येते आणि पालकांना अकारण पत्र जातं. `Days` नावाच्या पानावर कामाच्या तारखा लिहा आणि प्रत्येकाचे दिवस त्याच्या दाखल दिनांकापासून मोजा. जुन्या विद्यार्थ्यांना D मध्ये वर्ष सुरू झाल्याची तारीख द्या. मग हजेरीच्या फाइलमधल्या `Students` पानावर हे सूत्र ठेवा:

```
=1 - COUNTIF(Form!D:Z, "*"&A2&"*") / COUNTIFS(Days!A:A, ">="&D2, Days!A:A, "<="&TODAY())
```

वर्ग जास्त असतील तर `Z` च्या पुढचा रकाना लिहा. वर्ष बदललं की फॉर्म आणि `Form` पान नवं करा. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: नवं मूल दाखल झालं की मूळ यादीत नाव येतं, पण फॉर्ममधल्या चौकटींत ते आपोआप येत नाही. ते मूल महिनाभर गैरहजर राहिलं तरी नोंदीत पूर्ण हजर दिसेल. प्रवेशाच्या कागदावरच 'यादीत नाव, फॉर्ममध्ये नाव, आकारणीच्या ओळी' अशा तीन चौकटी छापा आणि तिन्हींवर खूण झाल्याशिवाय तो कागद फाइलला लावू नका.

निरोप पाठवण्याआधीची दहा मिनिटं

गैरहजेरीचा निरोप फॉर्म आल्याबरोबर आपोआप जावा असं सगळ्यांना वाटतं. मी तसं करू देत नाही. मूल दहा मिनिटं उशिरा आलेलं असतं, वर्गात बसलेलं असतं, आणि तिकडे आईला 'आपला पाल्य आज गैरहजर आहे' असा निरोप जातो. त्या आईचा पुढचा अर्धा तास कसा जातो याचा विचार करा. फॉर्ममधून निघालेली यादी कार्यालयात एका व्यक्तीने दोन गोष्टींशी ताडायची: फाटकावरची उशिरा आलेल्यांची वही आणि आधी कळवलेल्या रजा. उरतील त्यांनाच निरोप. तीस वर्गांच्या शाळेतही हे काम दहा मिनिटांचं आहे. निरोप गेल्यावर घरून 'आम्ही तर पाठवलंय' असं उत्तर आलं, तर पुढे फोनच करायचा, मजकूर नाही.

फोन नंबर विद्यार्थ्यांच्या यादीत एका रकान्यात कोंबू नका. `Guardians` हे वेगळं पान करा, एका पालकाची एक ओळ: विद्यार्थी क्रमांक, नाव, नातं, फोन, आणि मग 'फीचा निरोप' व 'गैरहजेरीचा निरोप' असे दोन हो-नाहीचे रकाने. फी वडील भरतात आणि मूल आजीकडे राहतं, अशा घरी दोन निरोप दोन वेगळ्या ठिकाणी जायला हवेत. आईवडील विभक्त असतील तर कोणाला काय कळवायचं हे प्रवेशाच्या वेळी लेखी घ्या. फोनचा रकाना साध्या मजकुराच्या स्वरूपात ठेवा, नाहीतर पुढचं शून्य किंवा अधिकचं चिन्ह नाहीसं होतं आणि निरोप कुठेच पोचत नाही.

फीचा निरोप फीच्या फाइलमधल्या `Students` पानावर असा तयार होतो:

```
=IF(G2>0, "नमस्कार. "&B2&" ("&A2&"): आजपर्यंत देय बाकी "&TEXT(G2,"0")&". शंका असल्यास पावतीसह कार्यालयात भेटावे.", "")
```

तो पाठवण्याआधी त्या सकाळपर्यंतचे बँकेतले पैसे नोंदलेले हवेत. फी कधीही वर्गाच्या ग्रुपवर मागू नका, नाव न घेता सुद्धा नाही. कोणाबद्दल बोलणं चाललं आहे ते सगळ्यांना कळतं, मुलांनाही.

निरोप एसएमएसने जाणार असेल तर लांबी मोजा. देवनागरी एसएमएसमध्ये एका भागात ७० अक्षरं बसतात, आणि काना, मात्रा, हलंत सगळे स्वतंत्र मोजले जातात. त्याहून लांब मजकूर ६७ च्या तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. वरचा निरोप नावासह साधारण शंभर अक्षरांचा, म्हणजे दोन भागांचा आहे. तो एका भागात बसवण्यासाठी क्रमांक किंवा आकडा काढू नका, शेवटचं वाक्य काढा.

पाठवलेल्या प्रत्येक निरोपाची तारीख, क्रमांक आणि मजकूर `Log` पानावर उतरवा. 'आम्हाला काही कळवलंच नाही' असं कुणी म्हणालं तर हे पान कामी येतं. आणि पुष्कळदा ते खरंच म्हणत असतात, नंबर बदललेला असतो. तेही याच पानावरून कळतं.

सॉफ्टवेअर कधी आणि कसं पारखायचं

पावत्या दोन खिडक्यांवर एकाच वेळी फाटू लागल्या की स्प्रेडशीट अपुरी पडते, कारण पुढचा पावती क्रमांक कोणी घ्यायचा हे ती ठरवत नाही. ओळ न पुसण्याचा नियमही ती स्वतः पाळून घेत नाही. गुगल शीट्समध्ये आवृत्तींचा इतिहास बघून कोणी काय बदललं ते शोधता येतं, पण तो शोध घ्यायची वेळ वरचेवर येऊ लागली तर पुढे जायला हवं. तोवर फीच्या फाइलमध्ये लिहिण्याचा अधिकार दोघांपेक्षा जास्त जणांना देऊ नका, आणि दर आठवड्याला तिची एक प्रत उतरवून दुसरीकडे ठेवा.

मुक्त स्रोतातली `openSIS`, `Gibbon`, `Frappe Education` अशी तयार साधनं आहेत. त्यांना सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. विकत घ्यायचं असेल तर विक्रेत्याने आणलेलं नमुन्याचं खातं बघत बसू नका. वरचं `S0417` चं खातं कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा आणि ते तुमच्या डोळ्यांदेखत भरायला सांगा: तीन हप्ते, सवलत, एका सत्राची बस, दोन तुकड्यांत पैसे, परत आलेला चेक. थकबाकी ७,५०० आणि एकूण बाकी १४,७०० आली पाहिजे. मग १४६७ ही पावती पुसून दाखवा म्हणा. पुसली गेली आणि मागे खूण राहिली नाही, तर तिथेच थांबा. पुसली गेली नाही, तर सगळ्या पावत्या, आकारणी आणि हजेरी `CSV` फाइलमध्ये काढून मागा आणि ती फाइल त्यांच्या संगणकावर न उघडता तुमच्या कार्यालयातल्या संगणकावर उघडून बघा.